पाकिटावरची तारीख नेमकी कशाची?

महिन्याचं वाणसामान भरताना आपण तूरडाळीचं पाकीट उलटून तारीख बघतो, गव्हाच्या पिठाच्या पिशवीचीही बघतो. दोन्हीवर मागच्याच महिन्याची तारीख दिसली की दोन्ही वस्तू सारख्याच ताज्या आहेत असं धरून चालतो. पण या दोन तारखा वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. पिठाची तारीख खरोखर पिठाचं वय सांगते. डाळीची तारीख बहुतेक वेळा फक्त पाकिटाचं वय सांगते, आतल्या डाळीचं नाही.

लेबलाच्या नियमांतच हा फरक आहे. उत्पादनाची तारीख म्हणजे तो पदार्थ ज्या दिवशी तयार झाला तो दिवस, आणि पॅकिंगची तारीख म्हणजे तो पदार्थ ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या पाकिटात ज्या दिवशी भरला तो दिवस. गव्हाचं पीठ कारखान्यात दळतात आणि सहसा तिथेच पिशवीत भरतात, त्यामुळे दोन्ही तारखा जवळजवळ एकच. तुरीचा प्रवास मात्र लांबचा. महाराष्ट्रातली तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, लातूर, अकोला, जळगाव अशा ठिकाणच्या डाळमिलमध्ये तिची डाळ होते, ती डाळ पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या गोदामात जाते. पुढे कधीतरी शहराजवळच्या एखाद्या पॅकिंग युनिटमध्ये ते पोतं फुटतं आणि त्याची एक-एक किलोची पाकिटं होतात. फेब्रुवारीत भरडलेली डाळ जुलैत पाकिटात गेली तर पाकिटावर जुलै छापलं जातं. यात कोणी कायदा मोडत नाही. पाकीट खरंच जुलैत भरलेलं असतं.

म्हणून डाळ घेताना तारखेच्या आधी पत्ता वाचावा. पाकिटावर उत्पादक कोण आणि पॅक करणारा कोण हे लिहिलेलं असतं. डाळमिलनेच पाकीट भरलं असेल तर भरडणं आणि भरणं यांत फारसं अंतर नसण्याची शक्यता जास्त. कुणी फक्त ‘पॅक केलं’ आणि तिसऱ्याने ‘विकलं’ असं असेल तर तारखेवर फार विसंबू नये. मोठ्या दुकानांचे स्वतःच्या नावाचे ब्रँड पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असतात. तेवढ्याने ते वाईट ठरत नाहीत, पण त्यांच्या तारखेला पिठाच्या तारखेइतकं वजन देता येत नाही. डाळ आयात केलेली असेल तर कुठल्या देशातली हेही लिहावं लागतं. आपल्याकडे म्यानमार, मोझांबिक, टांझानिया इथून बरीच तूर येते, आणि त्या तुरीचे हंगाम वेगळे असतात.

आता पिठाची तारीख एवढी महत्त्वाची का, ते पाहू. अख्ख्या गव्हात अंकुराचा भाग असतो आणि त्या अंकुरात तेल असतं. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल आपल्या जागी बंद असतं. दाणा दळला की तेल, हवा आणि कोंड्यातलं लायपेज नावाचं विकर एकत्र येतात आणि तेलाचं विघटन सुरू होतं. पीठ आधी खमंगपणा गमावतं, मग त्याला जुनाट वास येतो, शेवटी कडवट चव लागते. मैद्यातून अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो, म्हणून मैदा जास्त टिकतो. कणीक टिकत नाही, कारण तिच्यात सगळा गहू आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत पिठाच्या आम्लतेला मर्यादा घातली आहे ती यासाठीच. गव्हाच्या पिठाला ०.१८ टक्के आणि मैद्याला ०.१२ टक्के. ही आम्लता चढत गेली की पीठ जुनं झालं असं प्रयोगशाळा म्हणते. घरात आपलं नाक तेच काम करतं. चमचाभर पिठावर थोडं गरम पाणी ओतून लगेच वास घ्यावा. ताज्या कणकेला धान्याचा गोडसर वास येतो, जुन्या कणकेला ठेवणीतल्या तेलाचा.

पिशवीवर ‘चक्की’ हा शब्द ठळक असतो. त्यामागे खरा फरक आहे, पण लोक समजतात तोच तो नाही. दगडी चक्कीत दोन खरबरीत दगडांमध्ये गहू रगडला जातो. रोलर मिलमध्ये पोलादी रुळांच्या जोड्यांतून गहू टप्प्याटप्प्याने फोडतात, कोंडा, अंकुर आणि आतला पांढरा भाग वेगळे काढतात आणि हव्या त्या प्रमाणात पुन्हा एकत्र करता येतात. चक्कीचं पीठ ‘थंड’ दळलेलं असतं असा समज आहे, तो उलटा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दळताना पीठ किती तापतं हे मोजलं होतं. दगडी चक्कीत तापमान ९० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, रोलर मिलमध्ये ३५ अंशांच्या आसपास राहिलं. कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणताना डबा चटका देतो, त्याचं कारण हेच.

तरीही पोळीसाठी चक्कीचंच पीठ बरं. रगडताना गव्हातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात दुखावले जातात, आणि दुखावलेला स्टार्च जास्त पाणी धरतो. कणीक जास्त पाणी पिते, पोळी मऊ होते आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. रोलरच्या पिठाची कणीक कमी पाण्यात भिजते आणि तिची पोळी लवकर वातड होते. घरी हे तपासणं सोपं आहे. दोन ब्रँडचं एक-एक वाटी पीठ घ्यावं, मोजून पाणी घालत सारखी सैल कणीक भिजवावी, कुठल्या पिठाला किती पाणी लागलं ते पाहावं. जे जास्त पाणी घेईल त्याच्या पोळ्या बहुधा मऊ राहतील. ‘चक्की फ्रेश’ या शब्दांपेक्षा हे पाण्याचं माप जास्त खरं बोलतं. उष्णतेने काही पोषक घटक कमी होतात हे खरं, पण ती कणीक आपण पुढे तापल्या तव्यावरच टाकणार असतो, तेव्हा महिन्याच्या खरेदीत त्याची फार चिंता करण्याचं कारण मला दिसत नाही.

उष्णतेचा खरा धोका साठवणीत आहे. गरम पीठ तसंच घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरलं की वाफ झाकणाला धरते, पाणी होऊन खाली उतरते, पिठाचे गोळे होतात आणि पुढे बुरशी येते. गिरणीचं दळण म्हणून परातीत किंवा स्वच्छ कापडावर पसरून निवू द्यायचं आणि मगच डब्यात भरायचं. दुकानातल्या पिशवीत हाताला घट्ट गठ्ठे लागले तर ती पिशवी घेऊ नये, मग तारीख कालचीही असो.

आता हिशेब करू. डोंबिवलीतलं चार माणसांचं घर आहे असं धरा. रोज सोळा पोळ्या होतात, एका पोळीला साधारण २५ ग्रॅम पीठ, म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम आणि महिन्याला १२ किलो. खरेदी ५ ऑगस्टला. दुकानात एकाच ब्रँडच्या दोन प्रकारच्या पिशव्या आहेत. एक दहा किलोची, २४ जुलैला भरलेली, पूर्ण किमतीची. दुसऱ्या पाच-पाच किलोच्या, २० मेला भरलेल्या, एकावर एक फुकट. ब्रँडने पिठाला तीन महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे फुकटवाल्या पिशव्यांची मुदत २० ऑगस्टच्या सुमारास संपते. त्यातली पहिली पाच किलोची पिशवी या घरात साडेबारा दिवस पुरेल, म्हणजे १७ ऑगस्टपर्यंत. ती मुदतीत संपेल. दुसरी १७ ऑगस्टला फुटेल आणि महिनाअखेरीपर्यंत चालेल, म्हणजे दहा दिवस मुदतीबाहेरचं पीठ खावं लागेल. तेही ऑगस्टच्या दमट हवेत, ७७ दिवस दुकानात आणि गोदामात काढल्यावर. या घराला ही सवलत स्वस्त नाही. आठ माणसांच्या घराला मात्र ती परवडेल, कारण तिथे दहा किलो पीठ साडेबारा दिवसांत संपतं. प्रश्न मुदत कधी संपते एवढाच नाही, आपल्या घरातलं पीठ कधी संपतं हाही आहे.

मला विचाराल तर चारजणांच्या घराने पावसाळ्यात दहा किलोची पिशवी घेऊच नये. पाच किलो महिन्याच्या सुरुवातीला, पाच-सहा किलो पंधरवड्याने. दहा किलोमागे वाचणारे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये चवीने आणि किड्यांनी वसूल होतात. ही पंधरवड्याची सवय फक्त पिठापुरती. डाळीला तिची गरज नाही.

डाळीचं गणित वेगळ्या ठिकाणी आहे. तुरीचं टरफल आतल्या डाळिंब्यांना डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून तूर भरडणं हरभऱ्यापेक्षा अवघड. ते टरफल सोडवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. ओल्या रीतीत तूर काही तास भिजवतात, लाल माती लावून रात्रभर ढीग करून ठेवतात, उन्हात कडक वाळवतात आणि मग भरडतात. गावाकडची लाल मातीची डाळ म्हणतात ती हीच. तिच्या चवीचे चाहते अजून आहेत, पण ती शिजायला वेळ घेते. या डाळीच्या पाकळीला मधोमध बारीकशी खळगी दिसते. कोरड्या रीतीत खरबरीत रुळांवरून तूर फिरवून टरफलाला ओरखडे पाडतात, थोडंसं तेल चोळतात, मुरू देतात, उन्हात वाळवतात, पाणी शिंपडून पुन्हा मुरवतात आणि भरडतात. एका फेरीत सगळं टरफल निघत नाही, म्हणून हे तीन-चार वेळा करावं लागतं. दर फेरीला डाळीच्या कडा आणि पृष्ठभाग थोडा झिजतो. ती भुकटी आणि बारीक तुकडे म्हणजे चुणी, जी गुरांना जाते.

म्हणजे डाळमिलमधल्या डाळीला थोडं तेल लागणं हा भरडण्याचाच भाग आहे. पॉलिश हे त्यानंतरचं काम. डाळ तयार झाल्यावर चमक यावी म्हणून ती पुन्हा घासतात, पाण्याचा किंवा तेलाचा हात देतात. याने डाळ शिजायला किंवा पचायला काही सुधारत नाही. पृष्ठभागावरचा थोडा भाग मात्र आणखी जातो, आणि वर राहिलेलं तेल काही महिन्यांनी जुनं होतं. जुनी पॉलिशची डाळ डब्यातून काढताना खवट वास येतो तो त्या तेलाचा. जिथे साठवण लांबते तिथे हा तोटा जाणवतो, महिन्याभरात डाळ संपवणाऱ्या घरात कमी. पण ती डाळ आपल्याकडे येण्याआधी किती महिने गोदामात होती हे पाकीट सांगत नाही, म्हणून मी बिनपॉलिशच्या बाजूने आहे.

‘अनपॉलिश्ड’ या शब्दासाठी किलोमागे जास्त पैसे मोजण्यापूर्वी एक पाकीट आणून पाहावं. मूठभर डाळ पांढऱ्या सुती कापडात घेऊन जोरात चोळावी. कापडाला तेलकट डाग पडला किंवा पिवळा रंग उतरला तर तो शब्द फक्त पाकिटापुरता आहे. बिनपॉलिशची डाळ मंद दिसते, दाण्यादाण्याच्या रंगात थोडा फरक असतो, कुठेकुठे टरफलाचा लालसर कण चिकटलेला असतो. सगळे दाणे एकसारखे पिवळेधमक आणि गुळगुळीत असतील तर त्यावर काम झालं आहे. पिवळा रंग घातल्याची शंका असेल तर त्यासाठी घरी आम्लाचे प्रयोग करू नयेत. ते पाकीट घेणं बंद करावं आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

डाळ खरोखर जुनी आहे का, हे शेवटी चुलीवरच कळतं. उष्ण आणि दमट जागी कडधान्य महिनोन्‌महिने राहिलं की त्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अडकून बसतं, आणि मग ती डाळ कितीही उकळली तरी विरघळत नाही. पाणी जड असेल तर तेही असंच करतं, म्हणून एकट्या डाळीला दोष देण्याआधी तुलना करावी. दोन ब्रँडची तूरडाळ प्रत्येकी अर्धी वाटी, दोन सारख्या भांड्यांत, सारखंच पाणी, सारखाच वेळ भिजवून, एकाच कुकरमध्ये एकत्र लावावी. वाफ गेल्यावर पळीने घोटून पाहावं. एक एकजीव झाली आणि दुसरी दाणेदार राहिली तर पाण्याचा प्रश्न नाही, दुसरी डाळ जुनी आहे किंवा वाईट ठेवलेली आहे. एकदा ही तुलना केली की पुढच्या काही महिन्यांचा ब्रँड ठरून जातो. हंगाम बदलला की पुन्हा करावी, कारण तोच ब्रँड दुसऱ्या गोदामातली डाळ भरू शकतो.

साठवणीचे दावे बघताना एवढंच विचारावं की हा दावा पाकीट फुटेपर्यंतचा आहे की नंतरचाही. व्हॅक्यूम पॅकिंग खरंच उपयोगी आहे, ऑक्सिजन नसेल तर किडे जगत नाहीत. पण डाळीच्या टोकदार कडांनी प्लास्टिकला बारीक भोक पडलं की पाकीट सैल होतं. सैल पडलेलं व्हॅक्यूम पाकीट साध्या पाकिटासारखंच समजावं. ‘कीडमुक्त’ म्हणजे गोदामात धुरी देऊन किडे मारलेले असतात, पुढे पुन्हा लागणार नाहीत असं नाही. काही भुंगेरे पातळ प्लास्टिक पोखरून आत जातात. म्हणून पाकीट उजेडाकडे धरून भोकं आहेत का ते बघावं, उभं धरून हलवावं, तळाशी पिठासारखी भुकटी जमत असेल तर परत ठेवावं.

पिठातला तांबडा भुंगेरा उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण महिना घेतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वच्छ दिसलेल्या पिठात अखेरीस किडे दिसतात ते त्यामुळे. अंडी बहुधा आधीपासूनच होती, किंवा डब्यात मागच्या महिन्याचं पीठ तळाशी राहिलं होतं. नवं पीठ जुन्यावर ओतणं हे डबा किडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. डबा रिकामा करून, कोपरे पुसून, पूर्ण कोरडा करूनच नवीन भरावं. किड्यांनी पीठ गुलाबीसर केलं असेल आणि त्याला उग्र वास येत असेल तर चाळून वापरू नये, टाकून द्यावं. डाळीला किंवा पिठाला बोरिक पावडर लावू नये, ती खाण्याची वस्तू नाही. फ्रीजरमध्ये जागा असेल तर लहान पाकिटं चार-पाच दिवस ठेवल्याने अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र ती खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज फोडू नयेत, नाहीतर हवेतलं बाष्प आतल्या थंड धान्यावर जमतं.

नियमाप्रमाणे पिठात ओलावा १४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. साधारण ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडं पडलेलं पीठ हळूहळू त्याच पातळीवर येतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा त्याहून दमट असते. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही पाकिटावरची ओळ त्या हवेत पाळता येत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या मुदतीतून तिथे मनाने काही आठवडे कमी करावेत. लातूरच्या मार्चमध्ये तीच मुदत पूर्ण धरायला हरकत नाही.

ज्वारी आणि बाजरीचं पीठ महिन्याच्या यादीत नसावंच. बाजरीत तेल जास्त, तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर फुगत नाही. या दोन्हींचं धान्य महिन्याचं आणावं आणि दळण आठवड्याचं. बेसनाला मात्र महिन्याचं पाकीट चालतं, कारण कायद्याने बेसन म्हणजे सालं काढलेल्या हरभऱ्याचंच पीठ. घटकांच्या यादीत हरभऱ्याच्या डाळीखेरीज वाटाणा दिसला तर ते वेगळं पीठ आहे, आणि त्याची किंमतही वेगळी हवी. ‘मल्टिग्रेन’ पिठाच्या पिशवीवर प्रत्येक धान्याची टक्केवारी शोधून वाचावी. त्यात पुष्कळदा दहातले नऊ भाग गहूच असतो. असं असेल तर साधी कणीक घेऊन तिच्यात घरचं नाचणीचं किंवा सोयाबीनचं पीठ मिसळणं स्वस्त पडतं.